रांगेत पडलेलं मूल आणि ईईजीतलं टोक

(अंबड, नाशिक इथल्या स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा लिखित मजकूर)



ही व्याख्यानमाला एका शिक्षकांच्या स्मृतीसाठी चालते, म्हणून मी विषयही शाळेतलाच घेतला आहे. परिपाठाच्या रांगेत एखादं मूल उभ्याउभ्या कोसळतं. हातपाय जरा झटकले जातात, डोळे वर जातात आणि अर्ध्या मिनिटाच्या आत मूल शुद्धीवर येतं. पुढे त्याचा ईईजी, म्हणजे मेंदूच्या विद्युतलहरींचा आलेख काढला जातो. अहवालात लिहून येतं की लहरींमध्ये टोकं आहेत. डॉक्टर या टोकांना स्पाइक म्हणतात. त्या दिवसापासून घरात, गल्लीत आणि शाळेत एकच गोष्ट पसरते, की पोराला फिट्सचा आजार निघाला.

आलेखातलं टोक आणि मुलाचं पडणं यांचा संबंध कधी असतो, कधी नसतो, आणि तो आहे की नाही हे कशावरून ठरवायचं, एवढंच मला आज सांगायचं आहे. माझं मत सुरुवातीलाच मांडतो. मूल पडलं तेव्हा नेमकं काय झालं, हे ईईजी सांगत नाही. ते पाहणारा माणूस सांगतो. ईईजी त्या साक्षीला बळ देऊ शकतो. साक्ष फिटची असेल तर ती कोणत्या प्रकारची, हेही पुष्कळदा सांगू शकतो. पण साक्षच घेतली नसेल, तर एकट्या ईईजीवरून केलेलं निदान चुकण्याचा धोका मोठा असतो.

यंत्र काय लिहितं

जर्मनीतल्या येना शहरात हान्स बर्गर नावाच्या मनोविकारतज्ज्ञाने 1924 साली माणसाच्या डोक्यावरून मेंदूची वीज पहिल्यांदा नोंदवली आणि 1929 साली ते जगाला सांगितलं. 1935 मध्ये अमेरिकेत बॉस्टनच्या गिब्ज, डेव्हिस आणि लेनॉक्स यांनी दाखवलं, की मूल मध्येच काही सेकंद हरवल्यासारखं होतं त्या प्रकारच्या फिटमध्ये सेकंदाला तीन या गतीने टोक आणि लाट अशी जोडी आलेखावर उमटते. तेव्हापासून ईईजी आणि फिट हे दोन शब्द लोकांच्या मनात एकमेकांना चिकटले.

आता प्रत्यक्ष तपासणी. मुलाचे केस धुतलेले हवेत, तेल नको. तंत्रज्ञ टेपने डोकं मोजतो. नाकाच्या मुळाशी असलेल्या खाचेपासून डोक्याच्या मागच्या हाडाच्या उंचवट्यापर्यंतचं अंतर समजा 34 सेंटीमीटर भरलं. त्याचे दहा टक्के म्हणजे 3.4 आणि वीस टक्के म्हणजे 6.8 सेंटीमीटर. या मापाने डोक्यावर खुणा करायच्या, त्या जागा घासून स्वच्छ करायच्या आणि पेस्ट लावून एकोणीस इलेक्ट्रोड बसवायचे. कानांवरचे आणि जमिनीचा असे आणखी काही वेगळे. मोजण्याची ही पद्धत हर्बर्ट जॅस्पर यांनी 1958 साली ठरवून दिली आणि आजही जगभर तीच चालते. डाव्या बाजूच्या जागांना विषम आकडे, उजव्या बाजूला सम. म्हणून अहवालात C4 किंवा T4 दिसलं, तर ती डोक्याची उजवी बाजू समजायची.

नोंद साधारण अर्धा तास चालते. डोळे उघडायला-मिटायला सांगतात, तीन मिनिटं खोल श्वास घ्यायला लावतात, डोळ्यांसमोर दिवा लुकलुकवतात आणि शक्य असेल तर मुलाला झोपू देतात. झोपेतली नोंद महत्त्वाची असते, कारण मुलांमधले पुष्कळ स्पाइक जागेपणी लपलेले असतात आणि डुलकी लागताच भराभर उमटू लागतात. म्हणूनच आदल्या रात्री मुलाला उशिरा झोपवून पहाटे लवकर उठवून आणायला सांगितलेलं असतं.

ही वीज किती क्षीण असते हे लक्षात घ्या. हृदयाच्या ईसीजीत दिसणारी वीज साधारण एक मिलिव्होल्टच्या घरातली असते. डोक्यावर पोचणारी मेंदूची वीज त्याच्या दहाव्या, कधी पन्नासाव्या हिश्श्याइतकीच. मधे कवटी आहे. आपल्या औद्योगिक वसाहतीत एखाद्या शेडच्या भिंतीला बाहेरून कान लावला, तर आतल्या एकट्या मशीनचा आवाज वेगळा ओळखू येत नाही. वीस मशीन एकाच क्षणी ठोका देतील तेव्हाच तो भिंतीबाहेर स्पष्ट ऐकू येतो. इलेक्ट्रोडचं तसंच आहे. मेंदूच्या पृष्ठभागाचा साधारण सहा ते दहा चौरस सेंटीमीटरचा तुकडा एकाच क्षणी पेटला, तरच आलेखावर स्पाइक दिसतो. त्याहून लहान किंवा खोलवरची गडबड डोक्यावर उमटतच नाही. ईईजी स्वच्छ आला म्हणजे फिटचा आजार नाही असं का म्हणता येत नाही, त्याचं हे पहिलं कारण. फिटचा आजार पक्का असलेल्या माणसांच्या पहिल्या ईईजीत सुमारे निम्म्या वेळाच स्पाइक सापडतात.

स्पाइक म्हणजे आजूबाजूच्या लहरींतून उसळून वर आलेलं, सेकंदाच्या सत्तर हजारांशाहून कमी काळ टिकणारं टोक. त्याच्या मागोमाग बहुधा एक संथ लाट येते. पण टोकदार दिसणारं सगळंच स्पाइक नसतं. सैल झालेला इलेक्ट्रोड टोक काढतो. पापणी लवली, मूल चघळलं, इलेक्ट्रोडखालची रक्तवाहिनी उडाली, तरी आलेखावर खूण उमटते. ओळखायचं कसं? मेंदूतून आलेला स्पाइक एका जागी सर्वांत मोठा असतो आणि शेजारच्या जागांवर हळूहळू लहान होत जातो. सैल इलेक्ट्रोडचं टोक त्या एकट्या जागी दिसतं, शेजाऱ्यांना त्याचा पत्ता नसतो. मुलांमध्ये आणखी एक सापळा आहे. झोप लागता लागता निरोगी मुलाच्या आलेखात उंच, संथ लाटांचे झुबके येतात. त्यांच्यात एखादं बारीक टोक अडकलं, की मुलांचे आलेख वाचायची सवय नसलेला डॉक्टर त्याला आजार समजू शकतो.

एक मूल, दोन अहवाल

आता एक उदाहरण घेऊ. हे मूल एका घरातलं नाही. दवाखान्यात वारंवार दिसणाऱ्या अनेक मुलांच्या नोंदी एकत्र करून मी ते उभं केलं आहे.

मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत. वडील अंबडच्या कंपनीत, त्या आठवड्यात पहिली पाळी. घरात पहाटेची धावपळ, म्हणून पोरगा नुसता चहा घेऊन शाळेत आला. मार्च महिना. परिपाठ लांबला आणि दहा-बारा मिनिटं रांगेत ताठ उभं राहावं लागलं. प्रतिज्ञा संपता संपता तो पडला. डोळे उघडे, पण वर गेलेले. दोन्ही हात पाच-सहा वेळा झटकले. चड्डी ओली झाली. कुणीतरी कांदा फोडून नाकाशी धरला आणि मुलगा जागा झाला.

चार दिवसांनी ईईजी झाला. जागेपणीची नोंद वयाला साजेशी, डोक्याच्या मागच्या भागात सेकंदाला नऊ लहरी. झोप लागल्यावर मात्र उजव्या बाजूला, C4 आणि T4 या जागांवर, वारंवार स्पाइक. अहवालाचा निष्कर्ष असा, की आलेख असामान्य असून उजव्या बाजूला मेंदूच्या मध्य आणि कानशिलाकडच्या भागात फिटशी नातं सांगणारे स्पाइक आहेत. त्याखाली एक वाक्य होतं: रुग्णाच्या लक्षणांशी ताडून पाहावं. सगळ्या अहवालांत हे शेवटचं वाक्य असतं. छापील असल्यामुळे ते कुणी वाचत नाही, पण निदानासाठी तेच सर्वांत महत्त्वाचं.

ताडून पाहायचं म्हणजे काय करायचं? वर्गशिक्षिकेला बोलवायचं. संवाद साधारण असा होतो.

'बाई, पडायच्या आधी तो काही बोलला होता का?'

'शेजारच्या मुलाला म्हणाला, डोळ्यांपुढे अंधारी येतेय. कानात आवाज येतोय असंही म्हणाला म्हणे.'

'चेहरा कसा होता?'

'पांढराफटक, सर. घाम फुटला होता.'

'आधी पडला, का आधी हात झटकले?'

'आधी पडला. सैलच पडला. मग हात उडाले.'

'किती वेळ?'

'मला तर खूप वाटला. पण शिपाईकाका म्हणतात, पाणी आणायला वळलो तोवर उठलाही.'

'उठल्यावर?'

'लगेच नाव सांगितलं. सगळे बघतायत म्हणून लाजला.'

या पाच उत्तरांत निदान झालं. उपाशी पोट, उकाडा, बराच वेळ ताठ उभं राहणं. मग अंधारी, कानात गुंजन, पांढरा चेहरा. मग सैल होऊन पडणं. त्यानंतर थोडे झटके. काही सेकंदांत शुद्ध आणि लगेच भान. ही साधी भोवळ आहे. पायांत रक्त साचतं, हृदयाकडे परत येणारं रक्त कमी पडतं, शरीर गोंधळतं, नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो आणि मेंदूला काही सेकंद पुरेसं रक्त मिळत नाही.

आता अहवालातल्या स्पाइककडे वळू. C4 आणि T4 भोवतीचे, झोपेत वाढणारे, या वयातले स्पाइक एका ओळखीच्या बालवयीन फिटच्या आजारात दिसतात. मेंदूच्या त्या भागाच्या नावावरून त्याला रोलँडिक एपिलेप्सी म्हणतात. त्यातली फिट बहुतेकदा झोपेत येते. तोंडाची एक बाजू वाकडी होते, जीभ आणि गाल बधिर होतात, लाळ गळते, मुलाला बोलायचं असतं पण घशातून नुसता घरघर आवाज येतो. काही वेळा पुढे सगळं अंग झटकतं. तीन ते तेरा या वयोगटात हा आजार सुरू होतो आणि जवळजवळ सगळ्या मुलांत सोळाव्या वर्षाच्या आसपास पूर्ण थांबतो. आपल्या मुलाच्या आईला विचारलं, की असं काही रात्री कधी पाहिलंत का? तिचं उत्तर स्पष्ट होतं, कधीच नाही. म्हणजे आलेखातला स्पाइक एका गोष्टीकडे बोट दाखवतो आणि मुलाच्या बाबतीत घडलेली गोष्ट दुसरीच आहे. स्पाइक खरा आहे, भोवळही खरी आहे, पण दोघांचा एकमेकांशी संबंध नाही.

निरोगी मुलांच्या डोक्यातले स्पाइक

तुम्ही विचाराल, आजार नसताना स्पाइक कसे? मेंदू वाढत असताना काही मुलांच्या मेंदूत अशा क्षणिक उसळ्या येतात. त्यांचा कल बऱ्याचदा घराण्यातून आलेला असतो. रोलँडिक स्पाइक असलेल्या मुलांपैकी अगदी थोड्यांनाच प्रत्यक्ष फिट येते. बाकीची मुलं आयुष्यभर निरोगी राहतात आणि आपल्या आलेखात असं काही होतं हे त्यांना कधी कळतही नाही.

इटलीतल्या मोडेना भागात कवाझुती आणि सहकाऱ्यांनी फिटचा इतिहास नसलेल्या सहा ते तेरा वर्षांच्या 3,726 शाळकरी मुलांचे ईईजी काढले. त्यांचा अभ्यास 1980 साली प्रसिद्ध झाला. 131 मुलांच्या आलेखात फिटशी नातं सांगणाऱ्या खुणा होत्या, म्हणजे शंभरात साडेतीन. या मुलांवर पुढे काही वर्षं लक्ष ठेवलं. फारच थोड्यांना पुढे आजार झाला.

हा आकडा आपल्या शाळांना लावून पाहा. हजार मुलं घेतली, तर त्यांतल्या सुमारे दीडशे जणांना मोठं होईपर्यंत कधी ना कधी साधी भोवळ येते, असा अंदाज बालरोगतज्ज्ञ धरून चालतात. मोडेनाच्या हिशेबाने या दीडशेतल्या पाच मुलांच्या आलेखात निव्वळ योगायोगाने स्पाइक असणार. भोवळ आलेल्या प्रत्येक मुलाचा ईईजी काढायचं ठरवलं, तर या पाच मुलांवर हकनाक आजाराचा शिक्का बसेल. म्हणूनच ब्रिटनच्या 2012 सालच्या मार्गदर्शक तत्त्वांत सरळ लिहिलं होतं, की प्रसंग भोवळीचा वाटत असेल तर ईईजी काढू नये, कारण खोटा होकार मिळण्याची शक्यता असते. तपासणी करू नका असं सांगणारं वाक्य वैद्यकीय मार्गदर्शनात सहसा सापडत नाही. ते इथे लिहावं लागलं, यावरून या चुकीचं प्रमाण लक्षात येतं.

डेन्मार्कमध्ये मुलांच्या एपिलेप्सीसाठी असलेल्या खास केंद्रात पाठवलेल्या 223 मुलांची नीट तपासणी केली, तेव्हा 87 मुलांना तो आजार नसल्याचं आढळलं. हा अभ्यास 2006 साली छापून आला. जिथे साधनं आणि तज्ज्ञ मुबलक आहेत तिथली ही अवस्था आहे.

झटके आले म्हणजे फिट, हा समज

आपल्या मुलाचे हात झटकले होते आणि चड्डी ओली झाली होती. एवढ्यावरून शंभरातले नव्वद लोक फिट म्हणतील. 1994 साली बर्लिनमध्ये टोमास लेम्पर्ट आणि सहकाऱ्यांनी निरोगी तरुण स्वयंसेवकांना मुद्दाम भोवळ आणली आणि ती चित्रित केली. 42 जण पूर्ण बेशुद्ध झाले. त्यांतल्या दहापैकी नऊ जणांचे स्नायू झटकले. बेशुद्धी सरासरी बारा सेकंदांची होती. म्हणजे झटके हा भोवळीचाच भाग आहे. त्या वेळी ईईजी चालू असेल, तर स्पाइकचं वादळ दिसत नाही. लहरी आधी संथ होतात, रक्त फारच कमी पडलं तर आलेख काही क्षण सपाट होतो, आणि रक्त परत आलं की पुन्हा संथ लहरींमधून पूर्ववत होतो. मेंदूला रक्त मिळत नाही म्हणून शरीर झटकतं; विजेच्या अतिरेकाने नव्हे. लघवी होणं दोन्हीत घडतं, त्यामुळे त्यावरून काही ठरत नाही.

फरक कशावरून करायचा? फिटमध्ये अंग आधी ताठ होतं, मग तालात झटकतं, ते बहुधा एक ते दोन मिनिटं चालतं, चेहरा निळसर होतो, जीभ कडेला चावली जाते आणि नंतर मूल बराच वेळ गुंगीत असतं. भोवळीत चेहरा पांढरा पडतो, झटके थोडे आणि बेताल असतात आणि आडवं झाल्यावर लगेच भान येतं.

कांद्याचं श्रेयही यातूनच उलगडतं. बारा-पंधरा सेकंदांत शुद्धीवर येणाऱ्या मुलाच्या नाकाशी दहाव्या सेकंदाला काय धरलं, याला महत्त्व नाही. महत्त्व आहे ते मुलाला आडवं ठेवण्याला. घाबरून चार जण त्याला उचलून खुर्चीत बसवतात, तेव्हा मेंदूकडे परतू लागलेलं रक्त पुन्हा खाली उतरतं, बेशुद्धी लांबते आणि झटके वाढतात. मग खरोखरच ते फिटसारखं दिसू लागतं. जमिनीवर आडवं ठेवा, पाय थोडे उचला, कपडे सैल करा. एवढंच पुरतं.

चुकीच्या शिक्क्याची किंमत

एकदा फिटचा शिक्का बसला, की दोन-तीन वर्षं रोज दोन वेळा गोळ्या सुरू होतात. कुणाला गुंगी येते, कुणाचा अभ्यास मंदावतो, कुणाचं वजन वाढतं. मुलगी असेल तर व्हॅल्प्रोएटसारख्या औषधाचा प्रश्न पुढे गरोदरपणापर्यंत जातो, कारण त्याने गर्भाला इजा होऊ शकते. लग्नाच्या वेळी तर हा शब्द घर हादरवतो. हिंदू विवाह कायद्यात एपिलेप्सी ही विवाहाच्या पात्रतेआड येणारी गोष्ट म्हणून लिहिलेली होती. ती 1999 साली काढून टाकली. कायदा बदलला, पण मनं अजून तिथवर आलेली नाहीत.

याहून मोठी किंमत दुसऱ्या प्रकारच्या मुलाला मोजावी लागते. कल्पना करा, अकरा वर्षांची मुलगी खो-खो खेळताना धावता धावता पडली. उभी नव्हती, उपाशी नव्हती, अंधारी आली नाही. धावण्याच्या भरात एकदम कोसळली. तिच्या ईईजीत योगायोगाने स्पाइक निघाले, तर सगळ्यांचं समाधान होईल आणि शोध तिथेच थांबेल. पण हे पडणं हृदयाच्या गडबडीचं असू शकतं आणि ते तपासायला ईसीजीची एक पट्टी लागते.

ती पट्टी कशी वाचतात ते सांगतो, कारण हिशेब सोपा आहे. ईसीजीचा कागद सेकंदाला 25 मिलिमीटर सरकतो, म्हणून एक लहान चौकोन म्हणजे 0.04 सेकंद. समजा या मुलीच्या दोन ठोक्यांमधलं अंतर 16 चौकोन भरलं, म्हणजे 0.64 सेकंद. एका ठोक्यात विद्युतक्रिया सुरू झाल्यापासून हृदय पुन्हा तयार होईपर्यंतचं अंतर, ज्याला QT म्हणतात, ते 11 चौकोन भरलं, म्हणजे 0.44 सेकंद. 1920 साली बॅझेट यांनी दिलेल्या सूत्राप्रमाणे QT ला ठोक्यांमधल्या अंतराच्या वर्गमुळाने भागायचं. 0.64 चं वर्गमूळ 0.8. 0.44 भागिले 0.8 म्हणजे 0.55 सेकंद. हे उत्तर 0.46 च्या आत असावं लागतं. 0.55 म्हणजे धोक्याची घंटा आहे. हा लाँग क्यूटी नावाचा आजार. यात धावताना, पोहताना किंवा अचानक गजर वाजून दचकल्यावर हृदय क्षणभर नुसतं थरथरतं, रक्त पुढे ढकलत नाही, आणि मूल पडतं. एखाद्या वेळी ते उठतच नाही. यावर हृदयाची औषधं आहेत आणि ती जीव वाचवतात. फिटच्या गोळ्या या मुलीला संरक्षण देत नाहीत. घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल किंवा मूल जन्मतः बहिरं असून पडत असेल, तर ही शंका आणखी बळावते. 1957 साली नॉर्वेत येरवेल आणि लांगे-नील्सन यांनी अशा बहिऱ्या भावंडांचं वर्णन केलं होतं.

म्हणून नियम असा ठेवावा: पहिल्यांदा बेशुद्ध पडलेल्या प्रत्येक मुलाचा ईसीजी काढलाच पाहिजे. ईईजी काढायचा की नाही, हे हकिगत ऐकल्यावर ठरवायचं.

ईईजी खरोखर उपयोगी कुठे

इतकं ऐकून कुणाला वाटेल की हा माणूस ईईजीच्या विरुद्ध बोलतो आहे. तसं मुळीच नाही. योग्य प्रश्न घेऊन गेलो, तर याच्याइतकं स्वच्छ उत्तर दुसरी तपासणी देत नाही.

तिसरं मूल पाहा. पाच वर्षांचं. रात्री झोपेतून उठून 'मळमळतंय' म्हणालं, उलट्या झाल्या, रंग उडाला, डोळे एका बाजूला वळले आणि अंग सैल पडून हाक मारली तरी ओ देईना. वीस-पंचवीस मिनिटं असंच. घरच्यांना वाटलं पोट बिघडलं, मग वाटलं भोवळ आली. पण मूल आडवं होतं, झोपेत होतं, आणि भोवळ इतका वेळ टिकत नाही. ग्रीक वंशाचे डॉक्टर पानायोटोपुलोस यांनी मुलांमधल्या अशा फिटचं तपशिलात वर्णन केलं. तिच्यात उलटी, रंग उडणं आणि भोवळीसारखं सैल पडणं हेच मुख्य असतं. या मुलाच्या झोपेतल्या ईईजीत, बहुधा डोक्याच्या मागच्या भागात, स्पाइक सापडले, तर हकिगत आणि आलेख एकमेकांना दुजोरा देतात. इथे तोच स्पाइक निदान पक्कं करतो, अनावश्यक तपासण्या थांबवतो आणि आईवडिलांना सांगता येतं की हा आजार बहुतेक मुलांत काही वर्षांत आपोआप थांबतो.

तसंच वर्गात मध्येच हरवणाऱ्या मुलीचं. ती पडत नाही, पाच-दहा सेकंद थिजते. तिला खोल श्वास घ्यायला लावले, की यंत्रासमोरच तसा झटका येतो आणि सेकंदाला तीनच्या गतीने टोक-लाटेच्या जोड्या उमटतात. इथे ईईजीने प्रसंगच पकडला. आलेख आणि प्रसंग एकाच क्षणी हाती आले, की वादाला जागा उरत नाही.

आपल्या नऊ वर्षांच्या मुलाचा ईसीजी स्वच्छ होता. त्याला गोळी लागली नाही. सकाळी भाकरी-भाजी खाऊन निघ, पाणी पी, अंधारी आली की लाज न बाळगता खाली बस, उभं राहावंच लागलं तर पाय एकमेकांत अडकवून आवळ, एवढं त्याला शिकवलं. स्पाइकची नोंद जपून ठेवली. कधी रात्री तोंड वाकडं झालं किंवा बोबडी वळली तर कळवा, असं आईला सांगितलं.

एक गोष्ट स्पष्ट करतो. हे ऐकून कुणीही मुलाची चालू असलेली गोळी परस्पर बंद करू नये. अचानक गोळी थांबवल्याने खऱ्या आजारात फिट वाढतात. निदानाबद्दल शंका असेल, तर हकिगत लिहून घेऊन मुलांच्या मेंदूविकाराच्या तज्ज्ञांकडे जावं आणि पुन्हा विचारावं.

शेवटी, इथे बसलेल्या शिक्षकांना आणि पालकांना माझी विनंती आहे. मूल पडलं तर आधी त्याला आडवं ठेवा. एकाने त्याच्याजवळ थांबावं आणि दुसऱ्याने मोबाइलवर त्याच क्षणाचं चित्रण करावं. मूल सावरल्यावर त्याच दिवशी एका कागदावर पाच ओळी लिहा: पडण्याआधी काय चाललं होतं, मूल काय म्हणालं, चेहऱ्याचा रंग कसा होता, प्रसंग किती वेळ चालला आणि भान यायला किती वेळ लागला. तो कागद आणि ते चित्रण घेऊन डॉक्टरांकडे जा, ईसीजी मागून घ्या, आणि ईईजीचा अहवाल हातात आला तर त्याचं शेवटचं वाक्य सर्वांत आधी वाचा.